चुकीच्या रकान्यातला बरोबर गुण

प्रथम सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की शाळेत गुण गोळा व्हायला लागतात. ते एका रूपात कधीच येत नाहीत. मराठीच्या बाई वहीच्या पानाचा फोटो पाठवतात, गणिताचे सर हजेरी क्रमांकाच्या उलट्या क्रमाने आकडे सांगतात, विज्ञानाची यादी तिन्ही तुकड्यांची एकत्र येते. मग कार्यालयातलं कुणीतरी किंवा संगणक बरा येणारा एखादा शिक्षक हे सगळं एकाच लांबलचक यादीत उतरवतो. तुकडी, हजेरी क्रमांक, नाव, विषय आणि गुण असे तिचे पाच रकाने असतात. एका ओळीत एका मुलाचा एकच विषय असतो आणि ओळींचा क्रम म्हणजे जसे आले तसे. या यादीतून प्रत्येक तुकडीचा स्वतंत्र तक्ता करायचा असतो. त्यात एका मुलाची एक ओळ, आणि विषयांचा क्रम सगळ्या तुकड्यांत तोच.

पूर्वी हा शेवटचा भाग कुणी विचारातही घेत नसे, कारण तो छापखान्यातच ठरलेला असायचा. निकालपत्रकाच्या मोठ्या कागदावर रकाने आधीच आखलेले असत, त्यांच्यावर विषयांची नावं छापलेली असत आणि लिहिणाऱ्याच्या हाती फक्त गुण भरणं उरे. एक्सेलमध्ये रकाना कुठेही सरकतो आणि सरकल्याचं कुणाला सांगत नाही. त्यात गुणांची एक खोड अशी की ते सगळे एकसारखे दिसतात. लेखी परीक्षा ८० गुणांची असेल, तर गणितातले ४७ आणि विज्ञानातले ४७ यांत दिसायला काहीच फरक नाही. नावाच्या रकान्यात चुकून जन्मतारीख आली तर लगेच डोळ्यांत खुपते. विज्ञानाचे गुण गणिताच्या रकान्यात गेले तर बेरीजसुद्धा तीच राहते, आणि चूक सापडते ती पालक उत्तरपत्रिका घेऊन आल्यावर.

उदाहरण म्हणून एक नववी घेऊ. तीन तुकड्या आहेत. अ मध्ये ५२, ब मध्ये ५० आणि क मध्ये ४८ मुलं, म्हणजे एकूण १५०. प्रत्येकाला सहा विषय आहेत: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि हिंदी किंवा संस्कृत यांपैकी एक. म्हणजे यादीत बरोबर ९०० ओळी हव्यात. प्रत्यक्षात हाताशी आलेल्या यादीत ९१२ आहेत. बारा ओळी जास्त आहेत, तेव्हा बारा नोंदी दोनदा आल्या असणार असं वाटतं. हिशेब तितका सरळ नसतो, हे पुढे दिसेल.

पहिलं काम म्हणजे कच्च्या यादीला हात न लावणं. तिची एक प्रत करायची, तिला ‘स्वच्छ’ असं नाव द्यायचं आणि सर्वांत डावीकडे १ ते ९१२ असा मूळ क्रम टाकून ठेवायचा. हा क्रमांक असला की यादी कितीही उलटीपालटी केली तरी ती एका क्लिकवर आली तशी लावता येते. तो नसेल, तर कुठली नोंद आधी आली आणि कुठली दुरुस्ती म्हणून नंतर आली, हे कायमचं पुसलं जातं.

पुष्कळ जण इथेच तुकडीचा रकाना निवडून क्रम लावायचं बटण दाबतात. एक्सेल तेव्हा Sort Warning नावाची चौकट दाखवतं आणि विचारतं, की शेजारचे रकानेही सोबत हलवू का, की एवढाच हलवू. तिथे Continue with the current selection निवडलं, तर तुकड्या हलतात आणि नावं व गुण जागच्या जागी राहतात. सगळी यादी एका क्षणात खोटी होते आणि दिसायला मात्र अधिक नीटनेटकी. Expand the selection हाच पर्याय बरोबर. पण क्रम लावण्याची ही वेळच नव्हे, कारण तुकड्यांची नावं अजून एकसारखी नाहीत.

तुकडीच्या रकान्याला फिल्टर लावून बाणावर टिचकी मारली, की त्यात आलेली वेगवेगळी नावं एकाखाली एक दिसतात. तीनच दिसायला हवीत. दिसतात ती अशी: 9अ, 9 अ, ९अ, 9A, नववी अ, IX-A. माणसाला ही सगळी एकच तुकडी वाटते, संगणकाला सहा. यातलं सर्वांत छुपं रूप म्हणजे शेवटी एक रिकामी जागा असलेलं ‘9अ ’. पडद्यावर ते हुबेहूब ‘9अ’सारखंच दिसतं. =LEN(B2) असं सूत्र शेजारी लिहिलं की ते उघडं पडतं, कारण उत्तर २ यायला हवं तिथे ३ येतं. विषयांचंही तसंच. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’, ‘इंग्रजी’ आणि ‘इंग्लिश’, ‘समाजशास्त्र’ आणि ‘सामाजिक शास्त्रे’ हे संगणकाच्या लेखी वेगवेगळे विषय असतात. एखाद्या शिक्षकाने यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर आणखी पंचाईत. तिथे देवनागरी फक्त डोळ्यांना दिसते, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट बदलला की खरा माल दिसतो. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय बाकीच्यांत मिसळू नये.

एकेक नोंद हाताने सुधारत बसण्यापेक्षा एक छोटी जुळणीची यादी करावी. डावीकडे ‘जसं आलं’, उजवीकडे ‘जसं हवं’. ती एकदा केली की VLOOKUP सगळ्या ९१२ ओळी बदलून देतं, आणि पुढच्या सत्रात त्याच शिक्षकांकडून त्याच तऱ्हेची नावं येणार असल्याने ती पुन्हा उपयोगी पडते.

आता गुणांचा रकाना. काही आकडे ६१ असे देवनागरीत आलेले असतात, काही 61 असे. एक्सेल साधारणपणे पहिल्याला आकडा मानतच नाही, शब्द मानतं. शब्द पेशीत डावीकडे चिकटतो आणि आकडा उजवीकडे. संरेखन कुणी मुद्दाम बदललं नसेल, तर रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी हे कळतं. धोका असा की SUM शब्दांकडे निमूटपणे दुर्लक्ष करतं. कुठलीही सूचना येत नाही, त्या मुलाची बेरीज फक्त ६१ ने कमी होते. उपाय कंटाळवाणा पण साधा आहे. ० ते ९ हे दहा देवनागरी अंक एकेक करून Find & Replace मधून बदलायचे. त्यानंतरही एखादा आकडा डावीकडेच राहिला, तर ती पेशी आधीपासून Text म्हणून ठेवलेली असते. रकाना निवडून Data मधलं Text to Columns उघडावं आणि काही न बदलता Finish दाबावं, म्हणजे ते आकडे खरे आकडे होतात. हजेरी क्रमांकांनाही हीच दक्षता हवी. ते शब्द राहिले तर त्यांचा क्रम १, १०, ११, २ असा लागतो, आणि ‘07’ व ‘7’ ही दोन वेगळी मुलं ठरतात.

अनुपस्थित मुलाच्या गुणांची पेशी रिकामी ठेवू नये, हाही नियम इथेच पाळायचा. रिकामी पेशी काहीच सांगत नाही. मूल परीक्षेला नव्हतं, त्याने तो विषय घेतलेलाच नाही, शिक्षकांकडून गुण अजून आलेले नाहीत, की टाइप करणाऱ्याने ओळ सोडली? या चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शून्य ही पाचवी. तक्त्यात प्रत्येकीला आपली खूण हवी. आपण ‘गैर’ म्हणजे गैरहजर, ‘—’ म्हणजे विषय लागू नाही आणि ‘बाकी’ म्हणजे गुण सापडले नाहीत असं ठरवू. शेवटच्या दोन गोष्टींतला फरक आत्ता कळण्यासारखा नसतो, तो शिक्षकांना विचारूनच कळतो. शून्य लिहायचं ते फक्त मुलाला खरोखर शून्य पडलं असेल तेव्हाच.

इथवर आल्यावर मोह होतो तो PivotTable चा. चार क्लिकमध्ये लांब यादीचा आडवा तक्ता तयार होतो, तुकडीनुसार वेगळाही होतो. या कामासाठी मी तो सुचवणार नाही. विषयांचा क्रम तो वर्णानुक्रमाने लावतो. इंग्रजी सर्वांत आधी, मराठी मध्ये कुठेतरी, हिंदी शेवटी. आपल्याला हवा असतो गुणपत्रिकेचा क्रम, म्हणजे आधी भाषा, मग गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र. क्रम हाताने बदलता येतो हे खरं, पण नववी ब मध्ये संस्कृत कुणीच घेतलेलं नसेल, तर ब च्या तक्त्यात संस्कृतचा रकानाच येत नाही आणि त्याच्या उजवीकडचं सगळं एक घर डावीकडे सरकतं. अ च्या तक्त्यासाठी लिहिलेलं सूत्र ब वर चिकटवलं की गणिताऐवजी विज्ञान उचललं जातं. शिवाय एकाच मुलाची नोंद दोनदा आली असेल तर तो दोन्ही गुणांची बेरीज करतो. ३८ आणि ३८ मिळून ७६ होतात, आणि ८० पैकी ७६ पाहून कुणालाही शंका येत नाही, आनंदच होतो.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करावी. आधी रिकामा तक्ता आखायचा, रकान्यांचा क्रम ठरवायचा, आणि मग प्रत्येक पेशीने आपला गुण नावाने शोधून आणायचा. जुन्या छापील निकालपत्रकाचीच ही पद्धत आहे, फक्त भरण्याचं काम सूत्र करतं.

त्यासाठी ‘स्वच्छ’ यादीत प्रत्येक ओळीची ओळख सांगणारा एक जादा रकाना लागतो. तुकडी B मध्ये, हजेरी क्रमांक C मध्ये, नाव D मध्ये, विषय E मध्ये आणि गुण F मध्ये असतील, तर G मध्ये हे लिहायचं आणि शेवटपर्यंत ओढायचं:

```
=B2&"|"&C2&"|"&E2
```

त्यातून 9अ|7|गणित अशी ओळख तयार होते. आता ‘9अ’ नावाचं पान उघडायचं. A1 मध्ये तुकडीचं नाव, तिसऱ्या ओळीत डावीकडून हजेरी क्रमांक, नाव, मराठी, हिंदी, संस्कृत, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, एकूण. चौथ्या ओळीपासून मुलं. मुलांची नावं आणि क्रमांक गुणांच्या यादीतून उचलायचे नाहीत, वर्गाच्या हजेरीपटावरून घ्यायचे. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ज्या मुलाचा एकही गुण आलेला नाही ते गुणांच्या यादीत नसतंच, आणि तिथून नावं घेतली तर ते तक्त्यातून कुणाच्या नकळत गळून जातं. क्रमही हजेरी क्रमांकाचाच ठेवावा. आडनावानुसार लावायला गेलं तर संगणक क्षीरसागरांना ‘क’ मध्ये नेऊन बसवतो, आपल्या शाळांचे हजेरीपट मात्र ‘क्ष’ शेवटी धरतात.

मग C4 मध्ये एकच सूत्र:

```
=IFNA(INDEX('स्वच्छ'!$F:$F,
 MATCH($A$1&"|"&$A4&"|"&C$3,
 'स्वच्छ'!$G:$G,0)),"बाकी")
```

वाचायला ते अवघड दिसतं, पण म्हणणं सोपं आहे. वरच्या कोपऱ्यातली तुकडी, याच ओळीतला हजेरी क्रमांक आणि याच रकान्याच्या डोक्यावरचा विषय जोडून ओळख बनव, ती यादीत शोध, तिचा गुण आण, आणि नाही सापडली तर ‘बाकी’ लिही. डॉलरच्या खुणा म्हणजे खिळे आहेत. $A4 मध्ये रकाना खिळलेला आहे आणि C$3 मध्ये ओळ. म्हणून हे सूत्र उजवीकडे समाजशास्त्रापर्यंत आणि खाली शेवटच्या मुलापर्यंत ओढलं तरी प्रत्येक पेशी आपलाच विषय आणि आपलंच मूल पाहते. हिंदी आणि संस्कृतच्या रकान्यांत याच्या आधी एक IF लागतो. हजेरीपटावर मुलाने घेतलेली भाषा तक्त्याच्या उजव्या कडेला, एकूणच्या पुढे उतरवून ठेवायची आणि ती रकान्याच्या नावाशी जुळली नाही तर ‘—’ लिहायला सांगायचं.

गंमत पाहायची असेल तर तिसऱ्या ओळीतल्या गणित आणि विज्ञान या शब्दांची अदलाबदल करून पाहावी. खालचे सगळे गुण आपोआप जागा बदलतात. गुण आता जागेला बांधलेले नाहीत, नावाला बांधलेले आहेत, त्यामुळे विज्ञानाचा गुण गणिताखाली बसायला वावच उरत नाही.

ब आणि क साठी नवं काही आखायचं नाही. ‘9अ’ पानाची प्रत करायची, A1 मध्ये तुकडीचं नाव आणि खाली तिचा हजेरीपट बदलायचा. शीर्षकांच्या ओळीत विषय पुन्हा टाइप करण्याऐवजी ='9अ'!C3 असं अ च्या पानाकडे बोट दाखवावं, म्हणजे क्रम एकाच ठिकाणी ठरतो. ब मध्ये संस्कृतचा रकाना वरपासून खालपर्यंत ‘—’ ने भरलेला दिसेल. कार्यालयातून प्रश्न येतो, “हा रकाना काढून टाकू का, कागद वाचेल?” काढू नये. तिन्ही तक्ते एकाखाली एक ठेवले की पाचवा रकाना प्रत्येक ठिकाणी संस्कृतच असला पाहिजे.

आता त्या ९१२ ओळींकडे येऊ. ‘स्वच्छ’ यादीत आणखी एका रकान्यात =COUNTIF(G:G,G2) लिहिलं, की प्रत्येक ओळख किती वेळा आली ते कळतं. आपल्या उदाहरणात १७ ओळख दोनदा आल्या आहेत. म्हणजे वेगवेगळ्या नोंदी ८९५ च आहेत, ९०० नव्हेत. सतरापैकी चौदांत दोन्ही वेळा गुण तोच आहे, तेव्हा एक ओळ काढली तरी बिघडत नाही. तीन नोंदींत मात्र गुण वेगळे आहेत. एका मुलाला इंग्रजीत आधी ५२ आणि पुढे ५६ लिहिलेत. MATCH नेहमी वरून पहिली सापडलेली नोंद उचलतं, म्हणजे ५२. शिक्षकांनी पुन्हा बेरीज करून पाठवलेली दुरुस्ती तशीच खाली पडून राहते. कुठला आकडा खरा हे यादी सांगू शकत नाही, ज्यांनी पेपर तपासला त्यांनाच विचारावं लागतं.

तिन्ही तक्त्यांत मिळून ‘बाकी’ किती हे COUNTIF ने मोजलं, तर उत्तर येतं ६. वेगवेगळ्या नोंदी ८९५ आहेत, तर कमी असायला हव्यात ५. म्हणजे यादीतली एक नोंद अशी आहे, जी कुठल्याच तक्त्यात बसलेली नाही. शोधल्यावर ती सापडते: 9ब|51|गणित. ब मध्ये मुलं ५० च आहेत. त्याच तुकडीत १५ क्रमांकाच्या मुलाचं गणित ‘बाकी’ दाखवतंय आणि यादीतल्या त्या ओळीवर नावही त्याच मुलाचं आहे. टाइप करताना १५ चे ५१ झाले. नाव ठेवल्याचा फायदा इथे होतो. क्रमांकावर विसंबायचं ते जुळवण्यासाठी, खात्री करायची ती नावावरून. उरलेल्या पाचांपैकी चार मुलं त्या पेपरला गैरहजर होती आणि शिक्षकांनी त्यांची ओळच लिहिली नव्हती. पाचव्याची उत्तरपत्रिका दुसऱ्या तुकडीच्या गठ्ठ्यात गेली होती.

यानंतर दोन तपासण्या. प्रत्येक मुलाच्या ओळीत आकडे आणि ‘गैर’ मिळून सहा आहेत का, हे तक्त्याच्या बाहेर एका रकान्यात पाहायचं:

```
=COUNT(C4:I4)+COUNTIF(C4:I4,"गैर")
```

पाच आले तर एखादा गुण अजून शब्दरूपात आहे किंवा ‘बाकी’ आहे. सात आले तर मुलाच्या नावावर हिंदी आणि संस्कृत दोन्ही लागलेत. ‘स्वच्छ’ यादीत गुणाची पेशी चुकून रिकामी राहिली असेल, तर मात्र एक्सेलचं INDEX ती शून्य म्हणून आणतं आणि ही तपासणी फसते, म्हणून तक्त्यात दिसणारं प्रत्येक शून्य एकदा मूळ यादीशी ताडून पाहावं. दुसरी तपासणी विषयवार बेरजेची. तिन्ही तक्त्यांतल्या गणिताच्या रकान्यांची बेरीज आणि ‘स्वच्छ’ यादीत फक्त गणिताच्या ओळींची SUMIFS ने काढलेली बेरीज तंतोतंत जुळायला हवी. फरक पडला, तर एखादी दुहेरी नोंद काढायची राहिली किंवा ५१ सारखी एखादी बेवारस ओळ उरली असं समजावं.

एक गोष्ट यातल्या कुठल्याही सूत्राला सापडत नाही. गणिताच्या सरांनी ७१ दिले आणि यादीत १७ उतरले, तर ओळख बरोबर, रकाना बरोबर, मोजणी बरोबर, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजाही जुळतात, कारण दोन्हीकडे १७ च आहेत. त्यासाठी तक्ता कागदावर छापून घ्यावा लागतो. प्रत्येक रकान्याखाली त्या विषयाची बेरीज आणि सहीची जागा ठेवायची आणि विषयशिक्षकांनी तो आपल्या गुणवहीशी ताडून पाहायचा. तिन्ही कागदांवर गणित सातव्याच रकान्यात असल्यामुळे सरांना अ, ब, क चे कागद एकमेकांवर थोडे सरकवून ठेवता येतात आणि एकाच रेषेत वाचत खाली जाता येतं.